इयत्ता न लिहिलेला निबंध

शिक्षकाच्या हाती कधी कधी एखादा कागद येतो आणि त्यासोबत एवढेच सांगितलेले असते, "वाचून अभिप्राय द्यावा." लिहिणारा कोणत्या इयत्तेत आहे, निबंध किती गुणांचा आहे, शब्दमर्यादा काय होती, कशाला किती गुण द्यायचे, यांपैकी काहीच कळवलेले नसते. कागद स्पर्धेसाठी असेल, वर्गपाठ असेल किंवा सहज हौसेने लिहिलेला असेल. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याची सवय असलेल्या हाताला अशा वेळी अवघडल्यासारखे होते, कारण तपासणीचा साचाच समोर नसतो. मग एक तर "छान प्रयत्न, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे" असा कोणत्याही निबंधाखाली शोभणारा शेरा लिहिला जातो, नाहीतर तपासणारा आपल्याच मनातली इयत्ता गृहीत धरून त्या मापाने कागद मोजतो. हे दोन्ही मार्ग चुकीचे का, आणि तिसरा मार्ग कोणता, ते एका निबंधाच्या आधारे पाहू.

निबंध आमच्याकडे आला तसाच देत आहोत. परिच्छेदांचे क्रमांक मात्र आम्ही सोयीसाठी घातले आहेत.

उन्हाळ्यात माठाचे पाणी गार का होते?

(१) उन्हाळा आला की घरोघरी माठ येतो. माठ हा गरिबांचा फ्रीज आहे. उन्हातून आल्यावर माठाचे गार पाणी प्यायले की जिवाला बरे वाटते.

(२) माठ मातीचा असतो. माती थंड असते. म्हणून माठातले पाणी गार होते. माठाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी बाहेर येते व त्याचे बाष्पीभवन होते. बाष्पीभवनामुळे थंडावा निर्माण होतो.

(३) मी एक प्रयोग केला. स्टीलच्या पिंपात व माठात सकाळी पाणी भरले. दुपारी हात घालून पाहिला. माठातले पाणी गार लागले व पिंपातले कोमट लागले. यावरून बाष्पीभवनाने पाणी गार होते हे सिद्ध झाले.

(४) आमच्या आजीने जुना माठ चांगला दिसावा म्हणून त्याला बाहेरून ऑइलपेंट लावला. तेव्हापासून त्यात पाणी गार होत नाही. शेवटी नवा माठ आणावा लागला.

(५) पावसाळ्यात माठाचे पाणी फारसे गार होत नाही, कारण तेव्हा हवाच गार असते.

(६) फ्रीजचे पाणी आरोग्यास अपायकारक असते. म्हणून सर्वांनी माठ वापरावा व पर्यावरण वाचवावे.

आता या निबंधाला दहापैकी किती गुण द्यावेत? वाचकांनी क्षणभर थांबून मनाशी एक आकडा ठरवावा. तो आकडा ठरवताना आपण नकळत एखादी इयत्ता धरलीच असेल. सहावीचे मूल डोळ्यांसमोर आले असेल तर आकडा सात-आठ झाला असेल. अकरावीचा विद्यार्थी धरला असेल तर तो तीन-चारावर उतरला असेल. म्हणजे कागदावरचे एक अक्षरही न बदलता गुण निम्म्याने बदलले. हा फरक निबंधातून आला नाही, आपल्या गृहीतकातून आला.

त्रेपन्न वाचक आणि तीनशे निबंध

तपासणीचे निकष न देता निबंध वाचायला दिले तर काय होते, याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला होता. एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेतील पॉल डीडरिक, जॉन फ्रेंच आणि सिडेल कार्लटन यांनी १९६१ साली तो प्रसिद्ध केला. महाविद्यालयात नुकत्याच दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध त्यांनी ५३ वाचकांना दिले. वाचक मुद्दाम निरनिराळ्या व्यवसायांतले निवडले होते. त्यांत इंग्रजीचे, समाजशास्त्रांचे व विज्ञानाचे अध्यापक होते, तसेच लेखक-संपादक, वकील आणि व्यापारी संस्थांतले अधिकारीही होते. सूचना एवढीच होती की निबंध गुणवत्तेनुसार नऊ गठ्ठ्यांत विभागावेत. गुणवत्ता म्हणजे काय, हे ज्याने त्याने ठरवायचे होते.

निकाल असा लागला की एकही निबंध पाचांपेक्षा कमी निरनिराळ्या गठ्ठ्यांत गेला नाही. शंभरातले ९४ निबंध सात, आठ किंवा नऊही गठ्ठ्यांत पोचले. तीनशेपैकी १०१ निबंध असे होते की ते सर्वच्या सर्व नऊ गठ्ठ्यांत सापडले. एकच कागद कोणाला सर्वोत्तम वाटला होता आणि कोणाला सर्वांत टाकाऊ.

एवढ्यावर थांबले तर "निबंधाची तपासणी म्हणजे लहरीचा कारभार" असा निष्कर्ष निघेल. पण प्रयोगाचा पुढचा भाग अधिक मोलाचा आहे. वाचकांनी निबंधांवर लिहिलेले शेरे संशोधकांनी जपले होते, आणि कोणाचे मत कोणाशी जुळते हे गणिताने तपासले होते. तेव्हा दिसले की वाचक सैरावैरा वागत नव्हते. त्यांचे पाच गट पडत होते. एका गटाचे लक्ष विचारांवर होते : विषयाला धरून आहे का, पटते का. दुसऱ्या गटाचे लक्ष शुद्धलेखन, विरामचिन्हे व वाक्यरचनेच्या चुकांवर होते. तिसरा गट मांडणी पाहत होता, चौथा शब्दयोजना, आणि पाचवा लेखनात लेखकाचे स्वतःचे असे काही आहे का, हे पाहत होता. प्रत्येक गट आपल्या परीने नीट वाचत होता. पण कोणी कशाला महत्त्व द्यायचे हे ठरलेले नव्हते, त्यामुळे एकाच आकड्यात पाच वेगवेगळी मापे मिसळली गेली.

आपल्या प्रश्नाचे उत्तर याच ठिकाणी आहे. निकष नसताना बिनभरवशाचा ठरतो तो आकडा. त्यामागची निरीक्षणे तशी बिनभरवशाची नसतात. "चौथ्या परिच्छेदातला पुरावा तिसऱ्यापेक्षा बळकट आहे" हे विधान सहावीला खरे असेल तर अकरावीलाही खरेच असणार. म्हणून साचा हाती नसलेल्या वाचकाने आकडा सोडून द्यावा आणि निरीक्षणे धरून ठेवावीत. ती दोन ढिगांत लावावीत. कोणत्याही इयत्तेला खरी असणारी एका ढिगात, आणि इयत्तेवर किंवा शब्दमर्यादेवर अवलंबून असणारी दुसऱ्यात.

पहिला ढीग : इयत्ता कोणतीही असो

माठाच्या निबंधातला मुख्य दोष दुसऱ्या परिच्छेदात आहे. तेथे पाणी गार होण्याची दोन कारणे दिली आहेत. एक, माती थंड असते. दोन, झिरपलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होते. ही दोन कारणे एकमेकांना पूरक नाहीत. ती एकाच प्रश्नाची दोन स्पर्धक उत्तरे आहेत आणि त्यांतले पहिले चूक आहे. सावलीत ठेवलेला कोरडा रिकामा माठ खोलीतल्या इतर वस्तूंइतकाच गरम असतो. त्याला तापमापी लावून कोणालाही हे पाहता येईल. लेखकाला दोन उत्तरे ठाऊक आहेत, पण त्यांतून निवड करायची असते हे लक्षात आलेले नाही. "म्हणून" हा शब्द पहिल्या कारणानंतर आला आणि प्रश्न सुटल्यासारखे वाटले. मग पाठ्यपुस्तकातले दुसरे कारणही खाली लिहून टाकले.

हा दोष एकदा दिसला की तिसऱ्या परिच्छेदातल्या प्रयोगाची उणीव आपोआप उघडी पडते. माठातले पाणी गार आणि स्टीलच्या पिंपातले कोमट, हे निरीक्षण खरे आहे. पण माती थंड असती तरी हेच दिसले असते, आणि बाष्पीभवन हे कारण असते तरी हेच. दोन्ही उत्तरांना जो प्रयोग सारखाच मान्य आहे, तो त्यांच्यात निवाडा करू शकत नाही. "सिद्ध झाले" हे शब्द त्यामुळे येथे बसत नाहीत. हात घालून पाहणे हे तापमापीपेक्षा कच्चे मोजमाप आहे ही गोष्ट खरी, पण ती दुय्यम आहे. येथे उत्तम तापमापी वापरली असती तरीही निवाडा झाला नसता. अनेक शिक्षक येथे "तापमापी वापरायला हवी होती" असा शेरा लिहून पुढे जातील आणि खरी उणीव तशीच राहील.

मग निवाडा करणारा पुरावा कोठे आहे? तो याच निबंधात आहे, चौथ्या परिच्छेदात, आजीच्या ऑइलपेंटमध्ये. रंग लावल्याने माठाची माती बदलली नाही, फक्त बाहेरची छिद्रे बुजली. माती थंड असल्यामुळे पाणी गार होत असते, तर रंगवलेल्या माठातही ते गार झाले असते. ते झाले नाही. येथे दोन उत्तरांची भाकिते वेगळी आहेत आणि घडलेली गोष्ट त्यांतल्या एकाच बाजूने साक्ष देते. लेखकाने मात्र ही गोष्ट घरातली एक गंमत म्हणून सांगितली आणि तिच्यापुढे निष्कर्षाचे एक वाक्यही लिहिले नाही. ज्या परिच्छेदात काहीच सिद्ध होत नाही तेथे "सिद्ध झाले" आहे, आणि ज्या परिच्छेदात काही सिद्ध होण्याच्या जवळ आले आहे तेथे मौन आहे. या निबंधाविषयी एकच वाक्य लिहायची परवानगी असती तर आम्ही हेच लिहिले असते.

"जवळ आले आहे" असे आम्ही जपून म्हणतो. आजीचा माठ जुना होता. जड पाण्यातले क्षार छिद्रांत साचत जातात आणि जुना माठ रंगाशिवायही मंद होतो. तेव्हा रंगाचा परिणाम कोणता आणि जुनेपणाचा कोणता, हे वेगळे करावे लागेल. त्यासाठी सारखेच दोन नवे छोटे माठ घ्यावेत आणि कोरडे असतानाच एकाला बाहेरून ऑइलपेंट लावून तो वाळू द्यावा. मग दोन्ही माठ रात्रभर पाण्याने भरून ठेवावेत, कारण कोरडी माती स्वतःच बरेच पाणी पिते आणि पुढचा हिशेब चुकतो. सकाळी दोन्ही रिकामे करून त्यांत मोजून दोन-दोन लिटर पाणी घालावे व ते सावलीत, वारा लागेल असे शेजारी ठेवावेत. दुपारी तापमान पाहावे आणि उरलेले पाणी पुन्हा मोजावे. ज्या माठातले पाणी जास्त घटले त्याचेच पाणी जास्त गार झाले आहे असे आढळले, तर लेखकाचे दुसरे उत्तर आपल्या पायावर उभे राहिले असे म्हणता येईल. अर्थात रंगवलेल्या माठातले पाणी पिऊ नये.

पाचव्या परिच्छेदातले निरीक्षण अचूक आहे, पण त्याचे कारण चुकले आहे. पावसाळ्यात माठ मंदावतो तो हवा गार असते म्हणून नव्हे, तर हवा दमट असते म्हणून. दमट हवेत बाष्पीभवन हळू होते. हे कारण लेखकाला स्वतःलाच सापडू शकले असते, कारण दुसऱ्या परिच्छेदात बाष्पीभवनाचे नाव घेतलेलेच आहे. पाचवा परिच्छेद लिहिताना लेखकाने दुसऱ्याकडे मागे वळून पाहिले नाही, एवढेच झाले. हा मांडणीचा दोष आहे आणि ज्ञानाचाही. पण सुधारणेची वाट मांडणीतून जाते. "आधी सांगितलेले कारण येथे लागू पडते का?" असा एक प्रश्न समासात लिहिला तर पुष्कळ मुले स्वतःच दुरुस्ती करतील.

सहाव्या परिच्छेदाबद्दल थोडक्यात सांगायचे तर, फ्रीजचे पाणी अपायकारक असते या विधानाला निबंधात काहीच आधार दिलेला नाही, आणि शीर्षकातल्या "का" शी त्याचा संबंधही नाही. बोधवाक्याने शेवट केलाच पाहिजे या समजुतीतून तो आला असावा. ही समजूत मुलांना आपणच दिलेली आहे.

दुसरा ढीग : जर आणि तर

आता ज्या गोष्टी इयत्ता कळल्याशिवाय दोष म्हणता येत नाहीत त्या पाहू. "बाष्पीभवनामुळे थंडावा निर्माण होतो" हे वाक्य त्याचे चांगले उदाहरण आहे. पाचवी-सहावीच्या मुलाने हे लिहिले असेल तर ते पुरेसे आहे. नववीच्या मुलाकडून आणखी एक पायरी अपेक्षित आहे. थंडावा नावाची वस्तू निर्माण होत नसते. पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते, ती माठाच्या भिंतीतून व आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून मागे राहिलेले पाणी गार होते, असे त्याने लिहायला हवे.

अकरावीच्या विद्यार्थ्याने आकड्यांत उतरावे. उन्हाळ्यातल्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. दहा लिटरच्या माठातून १०० मिलिलिटर पाणी उडून गेले, तर ५८,००० कॅलरी खर्च झाल्या. उरलेले पाणी जवळजवळ दहा हजार ग्रॅम आहे. बाहेरून उष्णता आत आलीच नाही असे धरले तर ते पावणेसहा अंशांनी गार होईल. शंभरातला एक भाग पाणी गेले तरी एवढा फरक पडतो, हे पाहिल्यावर माठाची करामत खरी कळते. प्रत्यक्षात बाहेरच्या हवेतून उष्णता सतत आत येत असते, म्हणून एवढ्याच घसरणीसाठी जास्त पाणी खर्चावे लागते.

याच विद्यार्थ्याने पावसाळ्याचा प्रश्नही पुढे न्यायला हवा. माठ कितीही चांगला असला तरी पाणी एका मर्यादेखाली उतरत नाही. तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वाऱ्यात धरले की जे तापमान दिसते, ती ही मर्यादा. हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, म्हणजे विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यासारखी हवा असेल, तर ही मर्यादा २२-२३ अंशांच्या आसपास येते. म्हणजे माठाला सतरा अंशांचा वाव आहे. कोकणातल्या पावसाळ्यात हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असली, तर मर्यादा २८ अंशांजवळ जाते आणि वाव जेमतेम दोन अंश उरतो. लेखकाचे पाचव्या परिच्छेदातले निरीक्षण या हिशेबाशी नेमके जुळते. पण सहावीच्या मुलाच्या कागदावर आम्ही हे सारे लिहिले, तर तो अभिप्राय होणार नाही, आमच्या ज्ञानाचे प्रदर्शन होईल.

शब्दमर्यादेचेही असेच आहे. निबंध साधारण सव्वाशे शब्दांचा आहे. "फार छोटा" किंवा "पाल्हाळिक" असे त्याला म्हणता येणार नाही, कारण कशाच्या तुलनेत ते ठाऊक नाही. पण मर्यादा कोणतीही असली तरी काय कापावे आणि काय वाढवावे, हे मात्र सांगता येते. मर्यादा शंभर शब्दांची असेल तर पहिला व सहावा परिच्छेद काढावा. युक्तिवादाचे काहीच बिघडणार नाही. मर्यादा पाचशेची असेल तर जास्तीचे शब्द चौथ्या परिच्छेदाला द्यावेत. उत्तर "किती शब्द" या प्रश्नाचे नसून "कोणते शब्द" या प्रश्नाचे आहे, आणि ते देण्यासाठी मर्यादा माहीत असण्याची गरज नाही.

इयत्ता कळली की सारे सोपे होईल असेही नाही. डीडरिक यांनीच पुढे एक निरीक्षण नोंदवले आहे. सारख्याच निबंधांपैकी काहींवर "हुशार तुकडी" आणि काहींवर "सर्वसाधारण तुकडी" अशा अर्थाचे शिक्के मारले, तेव्हा पहिल्या प्रकारच्या निबंधांना सरासरीने वरची श्रेणी मिळाली. म्हणजे लिहिणाऱ्याविषयीची माहिती वाचकाला मदत करते तशी फसवतेही. इयत्ता न लिहिलेला कागद निदान या एका फसवणुकीपासून मोकळा असतो. मात्र अक्षर, शुद्धलेखन किंवा "आमच्या आजीने", "जिवाला बरे वाटते" अशा शब्दांवरून वय ताडण्याचा मोह झाला, तर ती फसवणूक मागच्या दाराने परत येते. नववीतली मुले "गरिबांचा फ्रीज" लिहितात आणि सहावीतली मुलेही लिहितात.

आम्ही लिहिलेला अभिप्राय

अभिप्राय लिहायला बसल्यावर पहिली अडचण मराठीनेच उभी केली. इयत्ता ठाऊक नसेल तर "तू" लिहावे की "तुम्ही"? आम्ही "तुम्ही" निवडले. सहावीच्या मुलाला कोणी "तुम्ही" म्हटल्याने नुकसान होत नाही. बारावीच्या मुलीला अनोळखी माणसाने "तू" म्हटलेले खटकू शकते. अभिप्राय असा :

"निबंध वाचला. तुमच्या आजीच्या रंगवलेल्या माठाची गोष्ट हा यातला सर्वांत मोलाचा भाग आहे. तुम्ही पाणी गार होण्याची दोन कारणे दिली आहेत : माती थंड असते, आणि बाष्पीभवन होते. समजा पहिले कारण खरे आहे. मग रंगवलेल्या माठात पाणी गार व्हायला हवे होते की नको? याचे उत्तर दोन-तीन वाक्यांत लिहा आणि ते चौथ्या परिच्छेदाच्या शेवटी घाला. त्यानंतर दुसऱ्या परिच्छेदातले कोणते वाक्य काढावे लागेल, ते तुम्हीच ठरवा.

पिंप आणि माठ यांचा प्रयोग ठेवा, पण 'सिद्ध झाले' या शब्दांचा पुन्हा विचार करा. पावसाळ्याबद्दलचे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. कारण मात्र बाष्पीभवनाकडे परत जाऊन शोधा. ओले कपडे पावसाळ्यात लवकर का वाळत नाहीत, हे आठवले तर मदत होईल. शेवटचा परिच्छेद शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर देतो का, तेही पाहा.

निबंध कोणत्या इयत्तेसाठी आणि किती शब्दांत हवा आहे, हे कळवल्यास आणखी सांगता येईल. नववी किंवा पुढची इयत्ता असेल, तर 'थंडावा निर्माण होतो' याऐवजी उष्णता कोठून कोठे जाते ते लिहावे लागेल."

या अभिप्रायात गुण नाहीत. हे उणे वाटण्याचे कारण नाही. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला व १९८८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. काही मुलांना केवळ गुण दिले, काहींना केवळ शेरे, आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती केवळ शेरे मिळालेल्या मुलांत. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा तसा लाभ झाला नाही. आकडा समोर असला की नजर आधी तिकडे जाते आणि शेरा वाचायचा राहून जातो, हे वर्गात उत्तरपत्रिका वाटणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते.

अभिप्रायाच्या शेवटी आम्ही इयत्ता आणि शब्दसंख्या विचारली, पण ती सुरुवातीलाच विचारून काम अडवून ठेवले नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तराने सल्ला बदलणार आहे, तेवढाच प्रश्न विचारावा. निबंध कोणत्या स्पर्धेसाठी आहे, लेखकाला विज्ञानात किती गुण मिळतात, पालक काय करतात, यांपैकी कशानेही वरच्या सूचनांतले एक वाक्य बदलले नसते.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. शंभर निबंधांतून तीन बक्षिसे निवडायची असतील, तर निकष आधी ठरवून सर्व परीक्षकांना दिल्याशिवाय चालणार नाही. नाहीतर डीडरिक यांच्या नऊ गठ्ठ्यांची कथा पुन्हा घडेल. निवड करणे आणि सुधारणेला मदत करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला साचा लागतो. दुसऱ्याला कागद नीट वाचणारा एक माणूस पुरतो.

हे पडताळून पाहायचे असेल तर वरचा माठाचा निबंध आपल्या शाळेतल्या चार सहकाऱ्यांना द्यावा. त्यांत एक भाषेचा, एक विज्ञानाचा, एक गणिताचा आणि एक इतिहासाचा शिक्षक असावा. इयत्ता सांगू नये. प्रत्येकाकडून दोनच गोष्टी लिहून घ्याव्यात : दहापैकी गुण, आणि लेखकाने सर्वांत आधी सुधारावी अशी एक गोष्ट. चारही आकडे एका बाजूला व चारही सूचना दुसऱ्या बाजूला मांडून पाहाव्यात. चौथ्या परिच्छेदाचे मोल किती जणांच्या लक्षात आले, हे विशेष पाहावे. वाचकांनी आपापल्या शाळेतले निकाल आम्हाला जरूर कळवावेत.